घरचे इंटरनेट बंद पडल्यावर मॅनेजरला लिहायचा ईमेल

घरून काम करणाऱ्या माणसाचे ब्रॉडबँड चार तास बंद पडले तर टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकली की भागते. तेच ब्रॉडबँड आठवडाभर बंद राहणार असेल, तर मॅनेजरला रीतसर ईमेल लिहावा लागतो. या ईमेलमध्ये दोन गोष्टी असतात. बिघाड काय आहे आणि तो का लांबला हे सांगायचे असते, आणि काही दिवसांसाठी कामाच्या वेळा बदलून मागायच्या असतात. बहुतेक ईमेल पहिल्या गोष्टीतच अडकतात. केबल कशी तुटली, किती फोन केले, कोणी दाद दिली नाही हे सविस्तर येते आणि वेळांची मागणी शेवटी एका ओळीत उरकली जाते. मॅनेजरला मात्र निर्णय दुसऱ्या गोष्टीवर घ्यायचा असतो. म्हणून बिघाडाची माहिती तेवढीच द्यावी, जेवढीवरून मागितलेले दिवस आणि मागितलेल्या वेळा पटतील.

आधी बिघाड ओळखावा

किती दिवस मागायचे हे बिघाडाच्या प्रकारावर ठरते. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत आता बहुतेक घरी फायबरचे कनेक्शन असते. भिंतीवरच्या किंवा टीव्हीशेजारच्या छोट्या डब्यात काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश विद्युत संकेतात बदलतो. या डब्यावरचे दिवेच बिघाडाची पहिली खूण सांगतात.

‘पीओएन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल आणि तरीही इंटरनेट येत नसेल, तर तार शाबूत आहे. अडचण लॉगिनची, थकलेल्या बिलाची किंवा कंपनीच्या यंत्रणेतली असण्याची शक्यता जास्त. असा बिघाड सहसा काही तासांत सुटतो. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लागला किंवा लुकलुकू लागला, तर डब्यापर्यंत प्रकाश पोहोचतच नाही, किंवा इतका क्षीण पोहोचतो की डबा तो वाचू शकत नाही. घराजवळची बारीक तार तुटली असेल, वाकली असेल किंवा उंदराने कुरतडली असेल, तर तंत्रज्ञ आल्यावर ती तासाभरात बदलून होते. रस्त्याखालची अनेक तंतूंची मुख्य केबल तुटली असेल, तर काम दिवसांवर जाते.

इंटरनेट पूर्ण बंद न पडता सारखे येते-जाते असेल, तर प्रकाशाची पातळी पाहावी. बऱ्याच डब्यांमध्ये ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाइप केल्यावर उघडणाऱ्या पानावर ती दिसते. हा आकडा डीबीएममध्ये आणि ऋण चिन्हासह असतो. तो साधारण उणे १५ ते उणे २५ दरम्यान असला तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला की जोडणी तुटू लागते. असा आकडा दिसला, तर कुठेतरी सांधा सैल झाला आहे किंवा तार दबली आहे असे समजावे.

मुख्य केबल तुटल्यावर एवढा वेळ का लागतो, हे ठाऊक असले की तक्रार केंद्राने दिलेल्या तारखेवर किती विसंबायचे तेही कळते. आधी तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडून आणि परत येणारा प्रकाश मोजून केबल किती अंतरावर तुटली ते शोधतात. मग ती जागा खणावी लागते आणि रस्ता नगरपालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर परवानगी लागते. केबलमधला एकेक तंतू साफ करून, कापून, यंत्रात वितळवून जोडला जातो. एकाच पट्ट्यात जलवाहिनीचे किंवा गटाराचे काम चालू असेल, तर ते संपेपर्यंत नवी केबल टाकण्यात अर्थ नसतो, कारण जेसीबी ती पुन्हा तोडतो. लांबलेल्या बऱ्याच बिघाडांमागे ही शेवटची अडचण असते.

तक्रार नोंदवताना तक्रार क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीने प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा असतो, आणि निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मॅनेजरच्या दृष्टीने या क्रमांकाचा उपयोग वेगळा आहे. तक्रार अधिकृतपणे नोंदली गेली आहे हे एका ओळीत कळते आणि पुढे हजेरीचा प्रश्न आला तर मनुष्यबळ विभागाला दाखवायला कागद असतो.

काय चालू आहे ते मोजावे

ईमेल लिहिण्याआधीचे दुसरे काम बहुतेक जण टाळतात. ब्रॉडबँड बंद असले तरी मोबाइल असतो, आणि तो दिवसभर सारखा चालत नाही. एका टॉवरची क्षमता त्या परिसरातल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. भल्या सकाळी फोन थोडे असतात, म्हणून हॉटस्पॉट वेगाने चालतो. बाजारपेठेजवळ तो दुपारी मंदावतो आणि रात्री जेवणानंतर घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की आणखी मंदावतो. एका दिवसात सकाळी, दुपारी आणि रात्री वेग मोजला, तर आपल्या घरी कोणते तास कामाचे आहेत ते समजते. वेळा बदलून मागण्याचे खरे कारण याच आकड्यांत असते.

वेगाइतकाच डेटाचा हिशेब महत्त्वाचा. रोज दीड किंवा दोन जीबीचे मोबाइल प्लॅन सर्रास असतात आणि मर्यादा संपली की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर साधा ईमेलही रखडतो. कॅमेरा चालू ठेवून केलेली तासाभराची व्हिडिओ मीटिंग साधारण एक जीबी खाते. तीच मीटिंग नुसत्या आवाजावर काही दहा एमबीत होते आणि साध्या फोन कॉलने जोडून घेतली तर डेटा लागतच नाही. आणखी एक चोर लॅपटॉपमध्येच असतो. विंडोज हॉटस्पॉटला साधे वायफाय समजून मोठे अपडेट उतरवू लागते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये Metered connection चालू केले की ते बरेचसे थांबते. फाइली आपोआप क्लाउडवर चढवणारी सुविधाही त्या दिवसांपुरती बंद ठेवावी.

शेजाऱ्याचे किंवा नातेवाइकाचे वायफाय हा पर्याय असतो, पण तो ईमेलमध्ये गृहीत धरू नये. अनेक कंपन्या ग्राहकांचा डेटा उघड्या किंवा अनोळखी नेटवर्कवर वापरू देत नाहीत. कॅफेतले आणि स्टेशनवरचे वायफाय तर वर्ज्यच समजावे. आयटी विभागाची परवानगी असेल तरच हा पर्याय लिहावा आणि परवानगी मिळाल्याचेही लिहावे.

एक उदाहरण

समजा, पुण्यातील एका कारखान्याच्या लेखा विभागातली एक कर्मचारी कराडला राहून घरून काम करते. कार्यालयाची वेळ सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६.३०, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी, म्हणजे आठ तास काम. गुरुवार, ५ जूनला सकाळी ११ च्या सुमारास तिच्या घरचे ब्रॉडबँड बंद पडते. डब्यावर एलओएसचा दिवा लाल आहे. ती तक्रार नोंदवते, मॅनेजरला फोन करून कल्पना देते आणि हॉटस्पॉटवर दिवस काढते. शुक्रवारी दुपारी तंत्रज्ञ सांगतो की जलवाहिनीच्या खोदाईत मुख्य केबल दोन ठिकाणी तुटली आहे आणि गुरुवार, १२ जूनच्या संध्याकाळपर्यंत ती जोडून होईल.

दरम्यान तिने वेग मोजलेला आहे. गुरुवारी रात्री ९ वाजता तो एक एमबीपीएसपेक्षाही कमी होता, शुक्रवारी सकाळी ७ वाजता १८ आणि दुपारी १२ वाजता २. म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचे लेखा सॉफ्टवेअर सकाळी नीट चालते, दुपारी अडखळते आणि रात्री चालतच नाही. तिची कामे दोन प्रकारची आहेत. खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि जीएसटीचे विवरणपत्र यांना इंटरनेट लागते. बँक जुळवणी आणि पुरवठादारांच्या खात्यांची तपासणी ही कामे एकदा फाइली उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय होतात. त्यातच एक तारीख टळणारी नाही. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते, आणि यंदा ती नेमकी बिघाडाच्या आठवड्यात, बुधवारी येते.

एवढी तयारी झाल्यावर तिचा ईमेल असा होतो:

> विषय: ९ ते १३ जून : कामाच्या वेळेत तात्पुरता बदल मिळण्याबाबत (घरचे ब्रॉडबँड बंद)
>
> नमस्कार सर,
>
> सोमवार ९ जून ते शुक्रवार १३ जून या पाच दिवसांसाठी कामाची वेळ सकाळी ६.३० ते १०.३० आणि दुपारी २ ते ६ अशी करून मिळावी, ही विनंती. रोजचे आठ तास पूर्ण होतील.
>
> काल फोनवर सांगितल्याप्रमाणे घरचे ब्रॉडबँड ५ जूनच्या सकाळपासून बंद आहे. रस्त्याच्या खोदाईत मुख्य केबल तुटली आहे. दुरुस्तीसाठी कंपनीने १२ जूनची संध्याकाळ सांगितली आहे. तक्रार क्रमांकाचा मेसेज सोबत जोडला आहे.
>
> मोबाइल हॉटस्पॉट सकाळी १०.३० पर्यंत चांगला चालतो, त्यानंतर सर्व्हर वारंवार तुटतो. म्हणून नोंदी आणि जीएसटीची कामे सकाळच्या सत्रात करीन. दुपारी बँक जुळवणी आणि पुरवठादारांची खाती, त्यांच्या फाइली सकाळीच उतरवून घेईन. जीएसटीआर-१ चा डेटा मंगळवारी सकाळी १० पर्यंत अपलोड करीन, म्हणजे सही करून भरण्यासाठी आपल्याकडे दीड दिवस राहील.
>
> रोजच्या ११ च्या मीटिंगला फोनवरून जोडली जाईन, तो वेळ सत्राबाहेरचा धरावा. स्क्रीन दाखवता येणार नाही, त्यामुळे आकडे आदल्या संध्याकाळी पाठवीन. १०.३० ते २ या वेळेत तातडीचे काही असल्यास फोन करावा.
>
> गुरुवारी संध्याकाळी दुरुस्तीची स्थिती कळवीन. ही वेळ चालण्यासारखी नसल्यास सोमवारी व मंगळवारी पुण्याच्या कार्यालयात येऊन जीएसटीचे काम पूर्ण करू शकेन.
>
> आपली,
> (नाव, विभाग, मोबाइल क्रमांक)

ईमेलची बांधणी

रजेच्या अर्जात आधी कारण येते आणि शेवटी ‘मंजुरी मिळावी ही विनंती’ येते. शाळेपासून हीच सवय असते. ईमेलमध्ये मात्र विनंती पहिल्या परिच्छेदात घ्यावी. मॅनेजर तो बहुधा फोनवर, दोन मीटिंगच्या मध्ये वाचतो आणि सूचनेत विषयासह पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तारखा, वेळा आणि तासांची बेरीज तेवढ्यात आली, की उत्तर देता येते.

मागणीला शेवटची तारीख हवी. ‘इंटरनेट सुरू होईपर्यंत’ असे लिहिले, तर मॅनेजरला कशाला होकार द्यायचा तेच कळत नाही आणि मनुष्यबळ विभागाच्या नोंदीत टाकायला तारीख मिळत नाही. वरच्या उदाहरणात दुरुस्तीची तारीख १२ आहे, पण मागणी १३ पर्यंत आहे. हा एक दिवस मुद्दाम ठेवलेला आहे. संध्याकाळची वेळ दिलेली दुरुस्ती बऱ्याचदा दुसऱ्या दिवसावर जाते, आणि दोनदा मुदत वाढवून मागण्यापेक्षा सुरुवातीलाच एक दिवस जास्त मागणे बरे.

बिघाडाच्या परिच्छेदात चार गोष्टी पुरतात: कधीपासून, कशामुळे, कधीपर्यंत आणि तक्रारीचा पुरावा. एलओएसचा दिवा, डीबीएमचा आकडा, तंत्रज्ञाशी झालेले बोलणे हे सगळे स्वतःला बिघाड समजण्यासाठी असते. मॅनेजरने विचारले तर सांगावे, ईमेलमध्ये लिहू नये.

वेळेच्या मागणीसोबत कोणते काम कोणत्या वेळी होणार हे आले पाहिजे. हा ईमेलचा गाभा आहे. ‘सकाळी लवकर आणि दुपारी उशिरा काम करीन’ असे नुसते म्हटले, तर मॅनेजरला जीएसटीचे काय, मीटिंगचे काय, मधल्या वेळेत कोणाला विचारायचे, असे तीन प्रश्न परत पाठवावे लागतात. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेल्या ईमेलवर असे प्रश्न आले, तर सोमवारची सकाळ त्यांतच जाते.

जमणार नाही ते स्पष्ट लिहावे. ‘स्क्रीन दाखवता येणार नाही’ हे वाक्य म्हणूनच आहे. सगळे नेहमीसारखे चालेल असे आश्वासन देऊन मीटिंगमध्ये आवाज तुटला, तर मॅनेजरला त्याच क्षणी ग्राहकासमोर सावरून घ्यावे लागते. आधी कळले असते, तर त्याने आकडे दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवरून दाखवण्याची व्यवस्था केली असती.

शेवटी पर्यायी तोड असावी. कराड ते पुणे हा प्रवास रोज करण्यासारखा नाही, पण दोन दिवस जाऊन मुदतीचे काम पूर्ण करता येते. असा पर्याय दिला की मॅनेजरला हो किंवा नाही एवढ्यातच अडकावे लागत नाही. मात्र जो पर्याय प्रत्यक्षात निभावता येईल तोच लिहावा, कारण मॅनेजर कदाचित तोच निवडेल.

कुठे हा उपाय चालत नाही

वेळ बदलून मागता येते ती ज्यांचे काम पुढे-मागे सरकू शकते त्यांना. ग्राहकसेवेच्या कॉलवर ठरलेल्या पाळीत बसणारा, शाळेचे वर्ग घेणारा किंवा परदेशी टीमसोबत एकाच वेळी काम करणारा कर्मचारी सकाळी साडेसहाला सुरुवात करून काही साधत नाही. इंग्लंडच्या टीमचे सकाळचे नऊ म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. मोबाइल नेटवर्क नेमके दुपारनंतर मंद असेल, तर अशा माणसाने वेळ मागण्यापेक्षा पाळी बदलून, दुसऱ्या कार्यालयात बसून किंवा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मार्ग काढावा आणि ईमेलमध्ये तेच लिहावे.

दुसरी मर्यादा हजेरीची. अनेक कंपन्यांत लॉगिनच्या वेळेवरून हजेरी आपोआप लागते. मॅनेजरने तोंडी ‘चालेल’ म्हटले, तरी यंत्रणा ९.३० ते ६.३० हीच वेळ पाहते आणि महिनाअखेर पाच अर्धे दिवस कापलेले दिसतात. म्हणून लेखी होकार मागावा आणि हजेरीच्या यंत्रणेत त्या दिवसांची वेळ दुरुस्त करण्याची विनंती त्याच आठवड्यात टाकावी. अतिरिक्त मोबाइल डेटाचा खर्च कंपनी देते का, हेही वेगळे विचारावे. वेळेच्या मागणीत खर्चाची मागणी मिसळली की पहिल्या मागणीचा निर्णय लांबतो, कारण खर्चाला बहुधा दुसऱ्या कोणाची मंजुरी लागते.

नंतरचे दोन ईमेल

एका ईमेलवर हे प्रकरण संपत नाही. गुरुवारी संध्याकाळी स्थिती कळवीन असे लिहिले असेल, तर केबल जोडली गेली असो वा नसो, त्या संध्याकाळी दोन ओळी गेल्याच पाहिजेत. दुरुस्ती पुढे ढकलली गेली असेल, तर नवी तारीख, ती कोणी दिली आणि आणखी किती दिवस लागतील, एवढे लिहावे. मुदत दुसऱ्यांदा टळली, तर त्याच वेळा पुढे रेटू नयेत. तोपर्यंत इंटरनेटशिवाय होणारी कामे संपत आलेली असतात आणि दुपारच्या सत्रात करण्यासारखे फारसे उरत नाही. अशा वेळी कार्यालयात येण्याचा किंवा दुसऱ्या कंपनीचे तात्पुरते कनेक्शन घेण्याचा पर्याय मांडावा.

इंटरनेट सुरू झाल्यावर अर्धा दिवस ते नीट चालते का पाहावे. नव्याने जोडलेला सांधा सैल राहिला, तर दिवा हिरवा दिसतो आणि तरीही जोडणी तुटत राहते. खात्री झाली की शेवटचा ईमेल पाठवावा. त्यात बिघाड कधी दूर झाला, नेहमीची वेळ कोणत्या दिवसापासून सुरू होईल आणि या काळात कोणते काम मागे पडले, हे तिन्ही असावे. मागे पडलेले काम स्वतःहून आणि पूर्ण होण्याच्या तारखेसह सांगितले असेल, तर पुढच्या वेळी अशी सवलत मागताना मॅनेजरला फार विचार करावा लागत नाही.